मिस्ड कॉलला काय लिहून पाठवावं? (करणारा "खास" असेल तर)

चिंचेचा_कोळ | रात्री ८:४८

मंडळी, तातडीचा सल्ला हवा आहे, म्हणून प्रस्तावना नाही.

ज्याच्यावर जीव अडकलाय (तूर्त एकतर्फी धरून चाला) त्याचा आज ७:५० ला फोन येऊन गेला. साधा फोन, व्हॉट्सॅपवरचा नाही. एकदाच. माझा फोन सायलेंटवर होता, मी पोळ्या करत होते, ८:४० ला पाहिलं. ओळख राजगडच्या ट्रेकपासूनची, म्हणजे तीन आठवड्यांची. अरे-तुरेवर आहोत. व्हॉट्सॅपवर आजवरचं संभाषण "पोचलीस का?" "हो, पोचले" एवढंच. सुवेळा माचीच्या नेढ्यात त्याने माझा एक फोटो काढला होता, तो अजून आलेला नाही.

मला उलट फोन करायचा नाहीये, मेसेजच करायचा आहे. थोडा खट्याळ हवा, पण चिकट नको. आणि त्यावरून गप्पा सुरू व्हायला हव्यात. हे चार लिहून खोडलेत:

१. हाय, मिस्ड कॉल दिसला. काही काम होतं का?
२. सॉरी सॉरी, फोन सायलेंटवर होता, खरंच लक्षात नाही आलं, रागावू नकोस हं
३. आज सूर्य कुठून उगवला? चक्क तुझा फोन!
४. बोल

पावणेदहाच्या आत पाठवायचा आहे. त्यानंतर पाठवला तर "झोपलास का" छापाचा वाटेल.

---

अर्धी_कोयरी | ८:५१

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

तिसरी_घंटा | ८:५३

घाई करू नकोस. किमान तीन तास जाऊ देत. लगेच उत्तर दिलं की समोरच्याला कळतं की ही फोन हातात धरूनच बसली होती. उद्या सकाळी निवांत "अरे, काल फोन होता का तुझा?" असं टाक. भाव टिकतो.

---

वडाची_पारंबी | ८:५५

मिस्ड कॉलला उलट फोन अजिबात करू नये. परदेशातल्या क्रमांकांवरून एक रिंग देऊन फोन तोडतात, आपण उलट केला की मिनिटाला भरमसाट पैसे कापले जातात. सुरुवातीला +९१ सोडून दुसरं काही असेल तर दुर्लक्ष करा आणि नंबर ब्लॉक करा. ताईंनी मेसेजसुद्धा करू नये असं माझं स्पष्ट मत.

---

अर्धी_कोयरी | ८:५६

काका, हा फोन परदेशातून नाही, राजगडावरून आलाय.

---

आमसूल | ९:०२

तिसरी_घंटा, अर्धं बरोबर. धावत सुटल्यासारखं दिसू नये हे मान्य. पण फोन ही "आत्ता"ची गोष्ट असते. त्याने ७:५० ला फोन केला तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी चालू होतं. ते रात्री दहापर्यंत जेमतेम तग धरतं, सकाळी मरतं. सकाळी "फोन होता का" विचारलं की तो "हो, काही नाही, झालं ते" म्हणतो आणि विषय संपतो. मेसेजला तासभर उशीर चालतो. फोनला उत्तर त्याच संध्याकाळी जायला हवं. कोळताई, तुझी पावणेदहाची मुदत बरोबर आहे.

आता चार मसुदे.

क्रमांक १ दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आहे आणि तोच सगळ्यात वाईट. "काम होतं का?" विचारलं की त्याच्याकडे दोनच वाटा उरतात. "हो" म्हटलं तर कामाचं बोलून मोकळं व्हायचं. "नाही" म्हटलं तर काम नसताना फोन केला हे कबूल करायचं. तेवढं धाडस पहिल्याच मेसेजला कोण करतंय? म्हणून दहातले आठ जण लिहितात, "अगं नाही, चुकून लागला." फोन खरंच चुकून लागलेला असतो असं नाही, तुझ्या प्रश्नाने त्याला तिथे ढकललेलं असतं.

क्रमांक २ मध्ये तू गुन्हेगार आणि तो न्यायाधीश. त्याला "इट्स ओके" एवढंच म्हणता येतं.

क्रमांक ३ हा टोमणा आहे. "तू कधी फोन करत नाहीस" असं त्यात दडलंय, आणि तीन आठवड्यांच्या ओळखीत ते ऐकवायचा हक्क अजून मिळालेला नाही. शिवाय हे वाक्य प्रत्येकाच्या मावशीचं आहे.

क्रमांक ४ जुन्या मैत्रीत चालतो. तिथे "बोल"च्या मागे आवाज ऐकू येतो. इथे तो पोलीस चौकीतला वाटेल.

---

बोरूबहाद्दर | ९:०४

"मिस्ड कॉल"ला "हुकलेला फोन" म्हणता येतं. रच्याकने, "मिस्ड कॉल आला" हे तर्कदुष्ट आहे. कॉल येतो, मिस आपण करतो.

---

गच्चीवरचा_दिवा | ९:०७

आधी मूळ मुद्दा. फोन मुद्दाम केला होता की खिशातून लागला? तुझ्या फोनमध्ये किती वेळ वाजला ते दिसतं का? काही फोनच्या कॉल यादीत ते दिसतं. ट्रायने २०१९ मध्ये मोबाइलची रिंग ३० सेकंदांची ठरवून दिली आहे. कुणीच उचलला किंवा तोडला नाही तर तेवढी वाजून आपोआप बंद होते. पूर्ण वाजला असेल तर माणूस वाट बघत होता.

---

चिंचेचा_कोळ | ९:०९

माझ्या फोनमध्ये दिसतं. पूर्ण ३० सेकंद वाजलाय!! म्हणजे मुद्दामच ना?

---

आमसूल | ९:१३

उलट. खिशातून लागलेला फोनच शेवटपर्यंत वाजतो, कारण तो तोडायला बोट नसतं. दोन-तीन रिंगांत तुटलेला असता तर निदान एवढं कळलं असतं की कुणीतरी हाताने तोडला. म्हणजे एकतर चुकून लागलाय हे लक्षात आलं, नाहीतर ऐनवेळी धीर सुटला. पूर्ण तीस सेकंदांचा अर्थ "वाट बघत होता" असाही होतो आणि "फोन बॅगेत होता" असाही.

एकच बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे. साध्या फोनपाठोपाठ व्हॉट्सॅप कॉल किंवा "फोन कर" असा मेसेज आला असेल तर मुद्दाम केलेला. तुझ्याकडे ते नाही. तेव्हा नोंदी उकरत बसू नकोस. कळत नाही हे गृहीत धर आणि दोन्ही बाजूंनी चालेल असा मेसेज लिही.

---

गच्चीवरचा_दिवा | ९:१४

मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी एक विचारतो, तिचं नाव "अ" वरून सुरू होतं का? खिशातले फोन बहुधा यादीतल्या पहिल्या नावाला किंवा शेवटच्या डायल केलेल्या नंबराला लागतात.

---

चिंचेचा_कोळ | ९:१५

"श्र" वरून. यादीच्या तळाशी. 🙂

---

अर्धी_कोयरी | ९:१५

तळापर्यंत स्क्रोल करणारा खिसा!

---

रंकाळ्याची_हवा | ९:१७

लै विचार करतायसा. आमच्याकडं सरळ "का ओ, फोन केलतासा?" एवढं टाकलं की झालं. त्यात सगळं येतंय.

---

आमसूल | ९:२०

रंकाळ्याची_हवा, तुम्ही गमतीत म्हणालात पण त्यात खरी किल्ली आहे. पुण्या-मुंबईची मुलगी अरे-तुरेतल्या मुलाला एकदाच, मध्येच, "अहो, फोन केला होतात?" असं लिहिते तेव्हा त्याला काय ऐकू येतं हे सांगायची गरज नाही. "अहो" हा शब्द आपल्याकडे घरात कोण कुणाला म्हणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खट्याळपणाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झणझणीत मसाला तोच.

पण कोळताईने तो आज वापरू नये. अहो-जाहोची गंमत तेव्हाच कळते जेव्हा आधीच्या पन्नास मेसेजमध्ये "अरे" होतं. दोनच मेसेजच्या ओळखीत तो बिचारा घाबरेल, "ही एकदम तुम्ही का म्हणायला लागली, रागावली का?" मसाला नंतरसाठी डब्यात ठेव.

---

बोरूबहाद्दर | ९:२१

कोल्हापूरच्या मुली "मी येतो, मी करतो" म्हणतात, त्याचा या मसाल्यावर काय परिणाम होतो?

---

रंकाळ्याची_हवा | ९:२२

काय न्हाई होत. तिखटच असतंय.

---

पाच_पंधरा | ९:२४

माझीही अशीच अडचण आहे, धाग्यावर विचारतो, माफ करा. ऑफिसमधल्या एका मॅडमचा काल फोन येऊन गेला. आम्ही अहो-जाहोवर आहोत. मी "नमस्कार, आपला कॉल मिस झाला, क्षमस्व" असं लिहिलं. त्यांनी अंगठा दाखवला. पुढे काय?

---

अर्धी_कोयरी | ९:२५

पुढे बँकेचं स्टेटमेंट जोडून पाठवा.

---

आमसूल | ९:२९

कोयरी, हसू नका, त्यांचा प्रश्न खरा आहे. पाच_पंधरा, तुमच्या मेसेजमध्ये प्रश्नच नाही. पूर्णविरामाला उत्तर द्यायचं तर अंगठ्याशिवाय काय देणार? आणि "क्षमस्व"ने दार लावून घेतलंत.

ऑफिसातल्या माणसाशी खट्याळपणा शब्दांत दाखवू नका, वेळेत दाखवा. "तुम्ही" तसंच ठेवून असं लिहिता आलं असतं:

"तुमचा फोन हुकला. कामाचा असेल तर पाच मिनिटं आहेत, बिनकामाचा असेल तर अर्धा तास."

यात कौतुक नाही, डोळा मारणं नाही, त्यांनी कुणाला दाखवला तरी लाज वाटायचं कारण नाही. फक्त हिशेब उलटा आहे. कामाला कमी वेळ, बिनकामाला जास्त. त्यांना गंमत घ्यायची असेल तर घेतील, नाहीतर "कामाचा होता" म्हणतील आणि दोघांचीही इज्जत शाबूत. आता कालच्या फोनवर ते वापरू नका, शिळं झालंय. पुढच्या वेळी.

---

तिसरी_घंटा | ९:३०

हा उलटा हिशेब मस्त आहे. कोळताईलाही हाच चालेल की.

---

चिंचेचा_कोळ | ९:३१

मला तेच वाटलं!! पंधरा मिनिटं उरलीत. हे कसं वाटतं?

"अरे तुझा कॉल मिस झाला माझ्याकडून, सॉरी, मी पोळ्या करत होते आणि फोन सायलेंटवर होता म्हणून कळलंच नाही. कामाचा होता का बिनकामाचा? कामाचा असेल तर पाच मिनिटं आहेत आणि बिनकामाचा असेल तर अर्धा तास आहे 😂😂 आणि माझा नेढ्यातला फोटो कधी पाठवतोयस? आणि पुढच्या ट्रेकला येणार आहेस ना?"

---

गच्चीवरचा_दिवा | ९:३४

यात तीन प्रश्न आहेत. माणूस तीनांतल्या सोप्याला उत्तर देतो. "हो, येणार आहे" लिहील आणि उरलेले दोन वाहून जातील.

दुसरं म्हणजे लॉक स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ-दीड ओळच दिसते. त्याला तिथे दिसणार "अरे तुझा कॉल मिस झाला माझ्याकडून, सॉरी, मी". म्हणजे जे फोडायचंय ते पाकिटाच्या तळाशी आणि वर निव्वळ सॉरी. गमतीचा शब्द पहिल्या सहा-सात शब्दांत आणा. व्हॉट्सॅप कॉल हुकला असता तर "तुझा फोन आला होता" हे सांगायचीही गरज नव्हती, चॅटमध्ये ती नोंद वरच दिसते. साध्या फोनला "फोन" हा शब्द मात्र हवा, नाहीतर कशाबद्दल बोलते आहेस हे त्याला उमगायला वेळ लागतो.

आणि पाठवण्याआधीच नीट वाचून घ्या. व्हॉट्सॅपवर पंधरा मिनिटांत दुरुस्ती करता येते, पण "Edited" असं खाली राहतं. पाठवून पुसला तर त्याहून वाईट, कारण पुसल्याची खूण राहते आणि काय पुसलं याचा तो रात्रभर विचार करतो.

---

तिसरी_घंटा | ९:३५

रात्रभर विचार केला तर चांगलंच ना?

---

आमसूल | ९:३९

नाही, तो तुझ्याबद्दल नाही, पुसलेल्या मेसेजबद्दल विचार करतो.

कोळताई, तुझ्या मसुद्यात सोनं आहे, फक्त वर माती पडली आहे. पोळ्या! उशिराचं कारण सांगायचं असेल तर तीन शब्दांत सांगावं, खरं सांगावं, आणि त्यात डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहावं. "बिझी होते" म्हटलं की समोर काहीच उभं राहत नाही. पोळ्या म्हटलं की त्याला तू दिसतेस, पिठाचे हात दिसतात, शेजारी थरथरणारा फोन दिसतो. सॉरी काढ. हसऱ्या बाहुल्या काढ, स्वतःच्या विनोदावर स्वतः हसू नये. ट्रेकचा प्रश्न काढ. फोटोचा विषय तर आज अजिबात नको, ते हुकुमाचं पान आहे. तो "चुकून लागला" म्हणाला तर गप्पा पुढे न्यायला तेच कामाला येईल.

उरतं एवढंच:

"फोन सायलेंटवर होता, मी पोळ्यांवर. आता दोघंही मोकळी. कामाचा होता तर पाच मिनिटं आहेत, बिनकामाचा असेल तर अर्धा तास. कुठला होता?"

एक चित्र, एक खोडी, एक प्रश्न. आणि प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांपुढे काहीतरी आहे.

---

बोरूबहाद्दर | ९:४०

"दोघंही मोकळी" बरोबर की "दोघेही मोकळे"? फोन पुल्लिंगी, लेखिका स्त्रीलिंगी. मिश्र जोडीला नपुंसक अनेकवचन, म्हणून "दोघं मोकळी". हे योग्य आहे, तरी खात्री करून घ्यावी.

---

अर्धी_कोयरी | ९:४०

बहाद्दर, पाच मिनिटं उरलीत आणि तुम्ही फोनचं लिंग तपासताय.

---

गच्चीवरचा_दिवा | ९:४१

एक खटकतंय. यात "चुकून लागला" म्हणायला जागाच नाही. चुकून लागला असेल तर तो अवघडेल. "की चुकून?" हे शेवटी जोडावं.

---

आमसूल | ९:४३

यावर माझं मत वेगळं आहे. पळवाट दाखवली की लाजाळू माणूस तीच धरतो, मग मुद्दाम केलेला असला तरी. चुकून लागला असेल तर त्याला ते सांगायला जागा लागत नाही, तो आपणहून सांगेल. हा प्रश्न तुमच्या-माझ्यात मिटणार नाही, कोळताईने ठरवावं.

---

चिंचेचा_कोळ | ९:४४

"दोघंही मोकळी" काढलं, लांबण वाटली. "की चुकून" नाही घातलं. बाकी तसंच. पाठवलं.

हात थंड पडलेत.

---

जर्सीकर | ९:४६

उशिरा आलो, माझी आत्ता सकाळ आहे. देश वेगळे असतील तर हे सगळं गणित बदलतं. इथे उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, थंडीत साडेदहा. तिकडच्या संध्याकाळच्या फोनला इथे कुणी तरी ऑफिसात असतं. अशा वेळी पहिल्या ओळीत तिथली वेळ घ्यावी, म्हणजे "तू जेवून झोपायच्या आत उत्तर द्यायचं ठरवलं होतं" असं काही. वेळेचा फरक हीच गंमत होते.

---

आमसूल | ९:५१

छान. आता कोळताई, उत्तर यायच्या आत पुढचं ठरवून ठेव. हात थंड असताना सुचत नाही.

तो म्हणाला "अगं चुकून लागला": "ओके" लिहून संपवू नकोस. "बरं झालं, तुझ्या खिशाला तरी माझी आठवण आहे. नेढ्यातल्या फोटोची कुणाला आहे?" तुझं हुकुमाचं पान इथे टाक.

तो म्हणाला "कामाचा, शनिवारच्या गाडीचं विचारायचं होतं": आधी काम पूर्ण कर. गाडी किती वाजता, कुठून, सगळं नीट सांग. कामाच्या प्रश्नावर विनोद केला की माणूस चिडतो, आणि रास्तच चिडतो. सगळं सांगून झाल्यावर "चार मिनिटांत झालं, एक मिनिट उरलंय" एवढंच.

तो म्हणाला "असंच केला होता": हे सगळ्यात नाजूक. "असंच म्हणजे?" असं अजिबात विचारू नकोस. बिचाऱ्याने एक पाऊल टाकलंय, त्याची झडती घ्यायची नाही. "मग अर्धा तास तुझा. आत्ता की उद्या चहाच्या वेळी?" दोन वेळा दे, म्हणजे "हो की नाही" हा प्रश्न उरत नाही, फक्त "कधी" उरतो.

---

अर्धी_कोयरी | ९:५३

"कधी" हा शब्द देवनागरीतच लिही हं. रोमनमध्ये "kadhi?" लिहिलं की माणूस कढी पितो का ते सांगतो.

---

तिसरी_घंटा | ९:५५

आणि निळ्या टिका दिसल्या पण उत्तर आलं नाही तर? दर दहा मिनिटांनी फोन करायचा, असा माझा साधा सल्ला. चिकाटी लागते.

---

गच्चीवरचा_दिवा | ९:५८

हघ्या म्हणायलाही धजत नाही. मुलग्यांसाठी तर मुद्दाम सांगतो, समोरून स्पष्ट नको असताना पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि त्याआधीही होताच. चिकाटी लोणच्यात लागते.

टिका निळ्या आणि उत्तर नाही याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की काय लिहावं हे सुचेना. त्या रात्री काही करू नये. दुसऱ्या दिवशी हवं तर एक मेसेज, आणि तो फोनबद्दल नको, दुसऱ्याच विषयावर. त्यालाही उत्तर आलं नाही तर विषय तिथेच सोडावा.

---

वडाची_पारंबी | १०:०३

पुन्हा सांगतो, अनोळखी क्रमांकाशी बोलू नये.

---

अर्धी_कोयरी | १०:०४

काका, भापो.

---

पाच_पंधरा | १०:१०

व्हॉइस नोट पाठवली असती तर? आवाजात गोडवा असतो.

---

आमसूल | १०:१४

पहिल्या उत्तराला नको. त्याच्या आजूबाजूला कोण बसलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. जेवणाच्या ताटावर आईसमोर ऐकायची पंचाईत, म्हणून तो "नंतर ऐकतो" करून ठेवतो आणि नंतर कधी येतच नाही. मेसेज डोळ्यांनी गुपचूप वाचता येतो. एकदा त्याच्याकडून आवाजी उत्तर आलं की मग आठ-दहा सेकंदांची पाठवावी, त्याहून लांब झाली तर कीर्तन होतं.

---

चिंचेचा_कोळ | १०:२२

उत्तर आलं!!! तुमच्या तिन्हींपैकी एकही नाही. त्याने लिहिलंय:

"पोळ्या किती झाल्या?"

एवढंच. कामाचा की बिनकामाचा, काही सांगितलं नाही. आता?

---

तिसरी_घंटा | १०:२३

टाळलं. प्रश्न परत विचार.

---

आमसूल | १०:२६

अजिबात परत विचारू नकोस. टाळलं नाही, त्याने तुझ्या वाक्यातलं चित्र उचललं. अर्ध्या तासातला पहिला मिनिट त्याने घेतलाय, फक्त पावती न देता. आकडा खरा सांग, आणि शेवटी त्याच्यासाठी एक जागा मोकळी सोड. किती झाल्या होत्या?

---

चिंचेचा_कोळ | १०:२७

बावीस. एक जळली. "तुझा फोन वाजत असताना" असं म्हणू का?

---

गच्चीवरचा_दिवा | १०:२८

खरं असेल तर म्हणा. ७:५० ची पोळी सिद्ध करता येणार नाही, पण ती सायलेंट फोनवरून जळली असं लिहिलंत तर तो पकडेल.

---

अर्धी_कोयरी | १०:२९

पकडू दे की, त्याच्यावर आणखी दहा मेसेज निघतील.

---

रंकाळ्याची_हवा | १०:२९

पोळ्या म्हणाला, चपात्या न्हाई. पोरगं पुण्याकडचंच दिसतंय.

---

बोरूबहाद्दर | १०:३०

तुपावरची घडीची असेल तर पोळीच. चपाती हा वेगळा पदार्थ आहे, यावर स्वतंत्र धागा काढतो.

---

आमसूल | १०:३१

"बावीस. त्यातली एक जळली, तिची जबाबदारी कुणाची ते फोनवर ठरवू." बघ, जमतंय का. जळलीच नसती तर हे सुचवलं नसतं.

---

चिंचेचा_कोळ | १०:३३

जळली होती, आई साक्षीला आहे. पाठवलं.

"टाइप करत आहे" दिसतंय. थांबलं. परत दिसतंय.

---

चिंचेचा_कोळ | १०:३५

फोन वाजतोय. सायलेंट काढलं होतं. येते.

---

वडाची_पारंबी | १०:३६

क्रमांक +९१ चा आहे ना, एवढं बघून मग उचल.